शवविच्छेदनाने रेनेसाँच्या चित्रांतील मानवाकृती कशी बदलली

प्रश्न: रेनेसाँच्या काळातले चित्रकार प्रेतं उघडून स्नायू बघायचे असं वाचलं. पण चित्रात तर माणूस कातडीसकटच दिसतो. मग आतलं बघून चित्रात नेमका काय फरक पडला? आणि आपण समोर मॉडेल बसवून रेखाटन करतोच, तेवढं पुरत नाही का?

उत्तर:

सर्वांत मोठा फरक निवडीत पडला. कोणत्या हालचालीत कोणता स्नायू आखडतो, कोणता सैल पडतो आणि कोणते हाड जागा बदलते हे कळल्यावर चित्रकार आकृतीत काय ठळक दाखवायचे आणि काय दबते ठेवायचे हे ठरवू लागला. स्नायू अधिक संख्येने दाखवणे हा या अभ्यासाचा फक्त पहिला, आणि माझ्या मते कच्चा, टप्पा होता. हे समजण्यासाठी खांदा आणि मान हे दोनच भाग घेऊ, कारण या दोन्हींविषयी लिओनार्दो दा विंचीने काढलेली रेखाटने आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसर येथे आहेत आणि त्यांच्या आधाराने त्याच्या शिकण्याचा माग बराच अचूक काढता येतो.

आधी तो कच्चा टप्पा पाहू. लिऑन बातिस्ता अल्बेर्ती याने 1435 साली चित्रकलेवरील ग्रंथात असा सल्ला दिला होता की आकृती काढताना मनाशी आधी हाडे मांडावीत, मग त्यांवर स्नायू चढवावेत आणि शेवटी मांस व त्वचा यांनी ते झाकावेत. पुढच्या पिढीतल्या फ्लोरेन्सच्या चित्रकारांनी हे मनावर घेतले. अंतोनियो पोलाइउओलो याचे दहा नग्न पुरुषांच्या झुंजीचे मोठे कोरीव मुद्राचित्र साधारण 1470 च्या दशकातले मानले जाते. या चित्रकाराने अनेक प्रेतांची कातडी सोलून अभ्यास केला होता, असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने सुमारे शतकभरानंतर लिहिले. मुद्राचित्र नीट न्याहाळले की मला मात्र वेगळे वाटते. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाच्या दंडाची पुढची आणि मागची बाजू सारखीच फुगलेली आहे, मांडीचे सगळे स्नायू एकदम ताणलेले आहेत, आणि जो वार करतो आहे त्याचे शरीर व जो आडवा पडला आहे त्याचे शरीर यांच्या ताणात फारसा फरक नाही. माणूस जोर लावून एखादा सांधा स्थिर धरतो तेव्हा त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू खरोखरच एकदम आखडतात, त्यामुळे एखाद्या आकृतीपुरते हे मान्य करता येईल. पण दहाही जणांच्या सर्व अवयवांत एकाच क्षणी तसे होणे शक्य नाही. हे चित्र काढणाऱ्याला स्नायूंच्या जागा माहीत आहेत, त्यांची कामे माहीत नाहीत. पृष्ठभागाचे निरीक्षण आणि प्राचीन शिल्पांचा अभ्यास यांतून एवढे ज्ञान मिळू शकते, आणि नुसती कातडी सोलूनही फार तर एवढेच मिळते.

अशा आकृतींबद्दल लिओनार्दोने फार स्पष्ट लिहून ठेवले आहे. जे चित्रकार आपले ज्ञान दाखवण्यासाठी प्रत्येक स्नायू उठावदार करतात त्यांच्या आकृती माणसासारख्या दिसण्याऐवजी अक्रोडांनी भरलेल्या पोत्यासारख्या दिसतात, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ज्या अवयवावर भार किंवा जोर आहे तिथलेच स्नायू स्पष्ट दाखवावेत आणि बाकीचे मऊ, अस्पष्ट ठेवावेत. हा नियम वाचायला सोपा आहे, पण तो पाळायचा तर कोणत्या क्रियेत कोणता स्नायू काम करतो हे आधी ठाऊक हवे, आणि ते कळण्याचा एकच मार्ग म्हणजे प्रत्येक स्नायू कुठल्या हाडापासून निघतो आणि कुठल्या हाडावर जाऊन बसतो हे उघडून पाहणे. स्नायू आखडला की त्याची दोन टोके जवळ येतात, एवढे एक तत्त्व धरले की टोकांच्या जागांवरून त्याचे काम काढता येते. म्हणून चित्रकाराच्या दृष्टीने विच्छेदनातली महत्त्वाची गोष्ट स्नायूचा फुगीर मधला भाग नसून त्याची दोन टोके ही आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे चाले, तेही सांगायला हवे. प्रेत टिकवण्याचे कोणतेही द्रव्य त्या काळी हाताशी नव्हते, म्हणून विच्छेदने थंडीत होत. विद्यापीठांत शिकवण्यासाठी जे विच्छेदन होई त्यात सर्वांत आधी पोट उघडत, मग छाती, मग डोके आणि हातपाय शेवटी, कारण पोटातले अवयव सर्वांत लवकर सडतात. चित्रकाराला नेमके हातपाय, पाठ आणि मान हवी असे, म्हणजे डॉक्टरांच्या क्रमात जे शेवटी आणि घाईत उरकले जाई तेच. शिवाय काम मंद होते. कातडी काढायची, तिच्याखालची चरबी काढायची, मग प्रत्येक स्नायूवर जो पांढुरका पातळ पडदा असतो तो सोडवायचा, आणि एवढे केल्यावर कुठे स्नायूच्या धाग्यांची दिशा दिसते. एक प्रेत तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने अनेक प्रेतांवर काम करावे लागले आणि फरक पाहण्यासाठी सारे दोनदा करावे लागले, असे लिओनार्दो नोंदवतो. 1507-08 च्या हिवाळ्यात फ्लोरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयात त्याने एका अतिवृद्ध माणसाचे विच्छेदन केले, आणि 1510-11 च्या हिवाळ्यात, बहुधा पाव्हिया विद्यापीठातील तरुण शरीरशास्त्रज्ञ मार्कान्तोनियो देल्ला तोर्रे याच्या सोबतीने, हाडे व स्नायूंचा तो अभ्यास केला ज्याची 18 पाने आज विंडसरला आहेत. त्या पानांवर 240 हून अधिक रेखाटने दाटीने काढलेली आहेत. (चर्चने विच्छेदनावर सरसकट बंदी घातली होती आणि हे सर्व चोरून चाले, हा समज आपल्याकडेही खूप पसरला आहे. इटलीतल्या विद्यापीठांत विच्छेदन 14व्या शतकापासून उघडपणे होत होते. अडचण परवानगीपेक्षा प्रेतांच्या तुटवड्याची अधिक होती.)

या पानांतले खांद्याचे काम मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. एका मालिकेत एकाच कृश माणसाचा खांदा आणि दंड त्याने समोरून सुरुवात करून थोडा थोडा वळवत पाठीपर्यंत आठ दृश्यांत काढला आहे. पाहणाऱ्याची जागा कशी सरकते आहे हे दाखवायला शेजारी ताऱ्यासारखी छोटी आकृतीही काढली आहे. शिल्पकार मातीच्या आकृतीभोवती फिरतो त्याच पद्धतीने तो इथे खांद्याभोवती फिरला आहे, आणि त्यामुळे समोरून दिसणारा एखादा उंचवटा मागून पाहताना कोणत्या स्नायूचा भाग ठरतो हे लगेच कळते. दुसऱ्या एका पानावर तो स्नायूंचे मांस पूर्णपणे काढून टाकतो आणि त्यांच्या जागी दोऱ्या ताणलेल्या दाखवतो. प्रत्येक दोरी स्नायूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, त्यामुळे कोण कोणाला कुठल्या दिशेने ओढतो हे एका नजरेत दिसते आणि वरचा स्नायू खालच्याला झाकत नाही. मला हे पान संपूर्ण संग्रहात सर्वांत मोलाचे वाटते, कारण यात चित्रकार दिसणारा आकार बाजूला ठेवून त्या आकाराचे कारण काढतो आहे.

अशा अभ्यासातून काय हाती लागते याचे एक उदाहरण आपण घरी पडताळून पाहू शकता. दंडाचा पुढचा स्नायू, ज्याला आपण सगळे बायसेप्स म्हणतो, तो कोपर वाकवतो हे कोणीही सांगेल. लिओनार्दोच्या लक्षात आले की त्याचे खालचे टोक पुढच्या हाताच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडावर बसते, आणि म्हणून तो तळहात वरच्या बाजूला फिरवण्याचेही काम करतो. कोपर काटकोनात वाकवा, दुसऱ्या हाताची बोटे दंडावर ठेवा आणि कोपर जराही न हलवता तळहात खाली-वर फिरवा. तळहात जोर लावून वर फिरवताना स्नायू गोळा होऊन उठतो, आणि तळहात खाली केला की तो लांब व सपाट होतो. म्हणजे चित्रात दोन माणसांचे कोपर अगदी एकाच कोनात वाकलेले असले तरी पाणी ओंजळीत घेणाऱ्याचा दंड आणि टेबलावर तळवा टेकवणाऱ्याचा दंड वेगळा काढायला हवा. हे मॉडेलकडे पाहून दिसत नाही का? दिसते, पण कारण माहीत नसेल तर तो फरक प्रकाशामुळे पडला, मॉडेल दमल्यामुळे पडला की आपलेच मोजमाप चुकले हे ठरवता येत नाही, आणि मग हात आपोआप सवयीचा आकार काढतो.

आता मानेकडे येऊ, कारण तिथे हे ज्ञान एका प्रत्यक्ष चित्रात शिरताना दिसते. व्हॅटिकनच्या संग्रहात लिओनार्दोचे संत जेरोमचे अपूर्ण चित्र आहे. वाळवंटात गुडघ्यांवर बसलेला, उपासतापासाने हाडे वर आलेला वृद्ध, हातात छातीवर मारून घेण्यासाठी धरलेला दगड आणि समोर सिंह. हे चित्र त्याने 1480 च्या सुमारास सुरू केले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातली मान विलक्षण अचूक आहे. कानामागच्या हाडापासून एक जाड स्नायू तिरपा खाली येतो आणि तळाशी दुभंगतो. त्याची एक शाखा गोल दोरीसारखी छातीच्या मधल्या हाडावर जाते, दुसरी चपटी शाखा गळपट्टीच्या हाडावर पसरते, आणि दोन्हींच्या मध्ये एक लहानसा त्रिकोणी खळगा राहतो. डोके एका बाजूला वळवले की विरुद्ध बाजूचा हा स्नायू ताठ होऊन त्वचेखाली उठतो. आरशासमोर मान वळवून पाहिली तर कृश माणसात तो खळगाही स्पष्ट दिसेल.

अडचण अशी की 1480 च्या सुमारास लिओनार्दोला हे ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे. ‘अंतिम भोजन’ या भित्तिचित्रातील ज्युडासच्या डोक्याचे त्याने 1495 च्या आसपास काढलेले पूर्वरेखाटन विंडसरला आहे. त्यातही मान वळलेली आणि ताणलेली आहे, पण हा स्नायू तिथे एकसंध पट्ट्यासारखा खाली उतरतो. दोन शाखा बरोबर दाखवणारी रेखाटने 1510 च्या सुमाराच्या विच्छेदनांतली आहेत. विंडसरच्या या संग्रहाचे अभ्यासक मार्टिन क्लेटन यांनी यावरून असा निष्कर्ष मांडला की सुमारे तीस वर्षे जवळ ठेवलेल्या त्या चित्राकडे लिओनार्दो 1510 नंतर परत वळला आणि त्याने मान सुधारली. मला हा निष्कर्ष पटतो, आणि तो पटण्याचे कारण चित्रकाराच्या अनुभवातले आहे. ज्युडासचे डोके काढताना त्याच्यासमोर बहुधा जिवंत माणूस असेल, आणि लिओनार्दोइतकी तीक्ष्ण नजर क्वचितच कोणाला लाभली असेल, तरीही त्या नजरेने दोन शाखांचा एक पट्टा केला. त्वचेखाली त्या दोन शाखा सावलीच्या अगदी हलक्या फरकाने वेगळ्या होतात. तो फरक शोधायचा आहे हे माहीत नसेल तर डोळा तो पुसून टाकतो. आपण विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या एका मानेत आहे.

मात्र विच्छेदनाला जबर मर्यादाही आहेत, आणि त्या न ओळखणाऱ्या चित्रकारांचे नुकसानही झाले. प्रेताचा स्नायू काम करत नाही. टेबलावर उताण्या पडलेल्या देहात पाठीचे आणि मांडीमागचे स्नायू चेपलेले असतात, बाकीचे गुरुत्वाकर्षणाने बाजूला ओघळतात, आणि कातडी काढल्यावर स्नायू एकमेकांपासून सुटून पट्ट्यांसारखे वेगळे दिसू लागतात. जिवंत शरीरात ते त्वचा, चरबी आणि पडदे यांनी एकत्र बांधलेले असतात. जो चित्रकार टेबलावर पाहिलेले जसेच्या तसे चित्रात नेतो त्याच्या आकृतीत प्रत्येक स्नायूभोवती खाच पडते. ही खूण ओळखायला सोपी आहे. आकृतीत सगळ्या खाचा सारख्याच खोलीच्या आणि सारख्याच कडक कडेच्या असतील, तर ती सोललेल्या देहावरून किंवा दुसऱ्याच्या रेखाटनावरून काढलेली आहे असे बहुतेक वेळा समजावे. म्हणून उत्तम चित्रकारांचा क्रम तीन टप्प्यांचा असे: मॉडेलवर प्रश्न पडायचा, विच्छेदनात त्याचे उत्तर शोधायचे आणि ते घेऊन पुन्हा मॉडेलकडे यायचे.

हा तिसरा टप्पा मायकेलँजेलोइतका पूर्णपणे कोणी गाठला असेल असे मला वाटत नाही. तरुणपणी फ्लोरेन्सच्या सांतो स्पिरितो मठात तिथल्या प्रमुखाने त्याला मठाच्या रुग्णालयातली प्रेते अभ्यासासाठी दिली, असे त्याचा चरित्रकार कोंदिव्ही सांगतो. त्याने विच्छेदनाची पानेच्या पाने लिओनार्दोसारखी मागे ठेवली नाहीत. त्याचा अभ्यास त्याच्या मॉडेलवरच्या रेखाटनांत मुरलेला आहे. सिस्टाइन चॅपेलच्या छतावरील लिबियाच्या भविष्यवेत्तीसाठी त्याने लाल खडूने केलेले पूर्वरेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. भित्तिचित्रात ती स्त्री आहे, रेखाटनात मात्र मॉडेल पुरुष आहे, आपल्याकडे पाठ करून बसलेला, धड पिळलेला आणि दोन्ही हात मोठा ग्रंथ पेलण्यासाठी वर उचललेले.

या पाठीत पाहण्याची गोष्ट म्हणजे खांद्याचे पाते, ज्याला आपण फराही म्हणतो. हात खाली सोडलेला असताना ते सपाट त्रिकोणी हाड पाठीवर जवळजवळ उभे असते. हात बाजूने वर जाऊ लागला की सुरुवातीला दंडाचेच हाड फिरते, पण पुढे पातेही फिरू लागते आणि त्याचे खालचे टोक काखेच्या दिशेने बाहेर सरकते. हात पूर्ण वर, म्हणजे 180 अंशांपर्यंत गेला, तर त्यातले साधारण 60 अंश पात्याच्या फिरण्याने मिळालेले असतात. हे ज्याला माहीत नाही तो हात वर उचललेला काढतो आणि पाठ मात्र हात खाली असतानाचीच ठेवतो. नवशिक्यांच्या रेखाटनांत वर केलेला हात खांद्यावर वेगळा आणून चिकटवल्यासारखा वाटतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. मायकेलँजेलोच्या रेखाटनात पाती फिरलेली आहेत, त्यांच्यावरून जाणारे स्नायू त्या फिरण्याबरोबर ओढले गेले आहेत, पाठकण्याची घळ धडाच्या पिळाबरोबर वळते, आणि त्याच कागदावर पायाचा अंगठा पुन्हा पुन्हा काढलेला आहे, कारण शरीराचा भार कुठे जातो हे त्या अंगठ्याच्या दाबावरून ठरणार होते. रेखाटनात स्नायू इतके तपशीलवार असूनही भित्तिचित्रातल्या स्त्रीच्या पाठीवर त्यांतले बरेच त्याने मऊ करून टाकले. रचना तशीच राहिली, पृष्ठभाग शांत झाला. आधी पूर्ण जाणून घ्यायचे आणि मग कमी दाखवायचे, ही निवड या दोन कृती शेजारी ठेवून पाहिल्यावर डोळ्यांना दिसते.

हे ज्ञान पुढे पसरले ते मात्र लिओनार्दोच्या पानांतून नव्हे. ती 1519 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर शिष्य फ्रान्चेस्को मेल्झीकडे गेली आणि त्यांचे नीट प्रकाशन 19व्या शतकाच्या अखेरीपर्यंत झाले नाही. चित्रशाळांत पोहोचली ती शरीरशास्त्रज्ञ अँड्रियास व्हेसालियसच्या, 1543 साली बाझेल येथे छापलेल्या शरीररचनेवरील ग्रंथातली काष्ठठशाची चित्रे. त्यांत सोललेले देह निसर्गदृश्यात उभे आहेत आणि एकेका चित्रात स्नायूंचा एकेक थर उतरत जातो. याचा फायदा मोठा झाला, पण एक तोटाही झाला. विच्छेदन न करता त्याचा निकाल हाती येऊ लागला आणि तो पाठ करून आकृतीवर चढवण्याची सवय लागली. फ्लोरेन्समध्ये 1563 साली स्थापन झालेल्या चित्र-शिल्पकारांच्या अकादमीने आपल्या नियमांत सांता मारिया नुओवा रुग्णालयात दर हिवाळ्यात विच्छेदन ठेवले, त्यावरून छापील चित्रे पुरेशी नाहीत हे त्या काळच्या जाणत्यांना उमगले होते असे म्हणता येईल. तरीही त्या पिढीतल्या अनेक चित्रांत पोलाइउओलोचाच दोष अधिक सफाईने परत आलेला दिसतो. शांतपणे उभ्या असलेल्या संताचेही पोट आणि मांड्या वजन उचलल्यासारख्या ताठ दिसतात.

मॉडेलसमोर काम करणाऱ्याने विच्छेदन करण्याची आज गरज नाही, पण कृपया स्नायूंची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. एक सांधा घ्या. खांदा घेतलात तर उत्तम. हाडांच्या सांगाड्यावर किंवा त्याच्या चांगल्या प्रतिकृतीवर त्या सांध्याभोवतीच्या चार-पाच मोठ्या स्नायूंची दोन्ही टोके शोधा आणि लिओनार्दोप्रमाणे त्यांच्या जागी दोऱ्या बांधा. हात फिरवून कोणती दोरी ताणते आणि कोणती सैल पडते ते पाहा, आणि मग त्याच अवस्थेतला मॉडेल काढा. रेखाटन झाल्यावर प्रत्येक गडद छायेपाशी थांबून ती कोणत्या हाडाची किंवा कोणत्या स्नायूच्या कडेची आहे हे स्वतःला विचारा. जिचे उत्तर देता येत नाही ती छाया खोडा आणि मॉडेलकडे पुन्हा पाहा.